शेअर देऊन कंपनी घेतली तर ईपीएस वाढतो की घटतो? हिशेब असा तपासा

प्रश्न: माझ्याकडे एका कंपनीचे शेअर आहेत. ती आता दुसरी एक लिस्टेड कंपनी स्वतःत विलीन करून घेतेय. रोख काहीच देणार नाही, नवे शेअर देणार आहे. व्यवस्थापन म्हणतंय की व्यवहार पहिल्या वर्षापासून ईपीएस, म्हणजे दर शेअरमागचा नफा, वाढवणारा आहे. पण शेअरची संख्या वीस टक्क्यांनी वाढणार असेल तर माझ्या वाट्याचा नफा कमीच व्हायला हवा ना? आणि खरंच वाढत असेल तर मी खूश व्हावं का? हे घरी बसून कसं तपासायचं?

उत्तर:

नुसत्या शेअरच्या संख्येवरून काहीच ठरत नाही. तिच्याशेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो: येणाऱ्या कंपनीमुळे एकूण नफा किती टक्क्यांनी वाढतो. शेअर वीस टक्के वाढले आणि नफा पंचवीस टक्के वाढला, तर ईपीएस वाढला. नफा पंधरा टक्केच वाढला, तर घटला. तुमची शंका चुकीची नाही, पण ती अर्धीच आहे.

हे दोन टक्के कशावर ठरतात? तुमची कंपनी स्वतःचा शेअर कोणत्या पीईने देते आणि समोरची कंपनी कोणत्या पीईने घेते, यावर. पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले ईपीएस. पीई पंचवीस असलेला शेअर देणं म्हणजे बाजारभावाच्या दर शंभर रुपयांमागे चार रुपये वार्षिक नफ्यावरचा हक्क देऊन टाकणं. त्याच शंभर रुपयांत वीस पीईची कंपनी घेतली, तर पाच रुपये नफा घरात येतो. चार दिले, पाच आले, म्हणून जुन्या भागधारकांचा ईपीएस वाढला. तीच कंपनी तीस पीईने घेतली असती तर चार देऊन साधारण 3.33 च आले असते. संपूर्ण व्यवहार शेअरमध्ये असेल, आणि खर्चबचत किंवा हिशेबातले बदल अजून धरले नसतील, तर नियम इतकाच: घेणाऱ्याचा पीई मोजलेल्या किमतीच्या पीईपेक्षा जास्त असेल तर ईपीएस वाढतो, कमी असेल तर घटतो.

इथे 'मोजलेली किंमत' महत्त्वाची. समोरच्या कंपनीचा बाजारातला पीई घेऊन चालत नाही. प्रीमियम, म्हणजे बाजारभावाच्या वर दिलेली रक्कम, धरून जो भाव पडतो त्याचा पीई घ्यायचा. ही चूक बरेच जण करतात आणि मग उत्तर नेहमी गोड येतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, तुमच्या वीस टक्क्यांना जुळणारं. घेणाऱ्या कंपनीचा करोत्तर नफा 600 कोटी रुपये, शेअर 60 कोटी, म्हणजे ईपीएस 10 रुपये. भाव 250 रुपये, पीई 25. विलीन होणाऱ्या कंपनीचा नफा 150 कोटी, शेअर 10 कोटी, ईपीएस 15 रुपये, भाव 240 रुपये, पीई 16. घेणाऱ्याने 25 टक्के प्रीमियम मान्य केला, म्हणजे प्रति शेअर 300 रुपये. मोजलेल्या किमतीचा पीई झाला 20. 300 ला 250 ने भागलं की स्वॅप रेशो, म्हणजे समोरच्या एका शेअरमागे द्यायचे नवे शेअर, 1.2 येतो. समोरच्यांच्या 10 कोटी शेअरसाठी 12 कोटी नवे शेअर द्यावे लागतील.

आता एकत्र नफा 750 कोटी, एकत्र शेअर 72 कोटी, ईपीएस 10.42 रुपये. जुन्या 10 रुपयांच्या तुलनेत 4.2 टक्के वाढ. किती किमतीला ही वाढ संपली असती? पीई 25 ला, म्हणजे प्रति शेअर 375 रुपयांना. तेव्हा रेशो 1.5, नवे शेअर 15 कोटी, आणि 750 भागिले 75 बरोबर पुन्हा 10. हा बरोबरीचा बिंदू आधी काढून ठेवावा. 300 आणि 375 मध्ये किती अंतर आहे ते कळलं की व्यवस्थापनाच्या दाव्याला किती उसंत आहे हेही कळतं.

तुमचे शेअर घेणाऱ्या कंपनीचे आहेत. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी समोरच्या बाजूला असेल तर त्यांचा हिशेब उलटा आहे. त्यांच्या एका जुन्या शेअरमागे 15 रुपये नफा होता. आता त्यांच्याकडे 1.2 शेअर येतील आणि प्रत्येकामागे 10.42, म्हणजे एकूण 12.50 रुपये. त्यांना प्रीमियम मिळाला, पण त्यांच्या वाट्याचा नफा सहाव्या हिश्श्याने कमी झाला. बिनरोखीच्या व्यवहारात एका बाजूचा ईपीएस वाढला की दुसऱ्या बाजूचा घटतोच, कारण एकूण नफा तोच आहे. फक्त वाटणी बदलली.

घोषणेनंतर तुमच्या कंपनीचा भाव पडला तर काय होतं, हाही प्रश्न येतो. आपल्याकडे बहुतेक विलीनीकरण योजनांमध्ये स्वॅप रेशो ठरलेला असतो. तो ठरला की नव्या शेअरची संख्याही ठरली. मग भाव 250 वरून 200 झाला तरी 12 कोटी शेअरच द्यायचे, ईपीएसच्या गणितात फरक नाही. काही देशांत मात्र ठरावीक रकमेचे शेअर द्यायचं बोललेलं असतं. तिथे 3,000 कोटींचे शेअर 200 च्या भावाने द्यायचे तर 15 कोटी द्यावे लागतील आणि वर पाहिलेली सगळी वाढ पुसली जाईल. म्हणून करारात संख्या ठरली आहे की रक्कम, हे आधी वाचा.

नफ्यातून काय वजा होतं

इथपर्यंतचं गणित पाटीवरचं आहे. जाहीर होणारा ईपीएस त्याहून कमी येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे खरेदीनंतरचा घसारा.

इंड-एएस 103 हे भारतीय लेखामानक लागू असलेल्या कंपनीने दुसरी कंपनी घेतली की तिची सगळी मालमत्ता आणि देणी त्या दिवसाच्या वाजवी मूल्याने ताळेबंदात आणावी लागतात. त्यात जुन्या ताळेबंदात कधीच न दिसलेल्या गोष्टीही येतात: ब्रँड, ग्राहकांशी असलेले करार, तंत्रज्ञान. यांचं आयुष्य मर्यादित धरलं असेल तर त्यांची किंमत दरवर्षी थोडी थोडी नफ्यातून कापली जाते. उरलेला फरक गुडविल. गुडविल दरवर्षी कापलं जात नाही, त्याची फक्त मूल्यऱ्हासाची चाचणी होते.

आपल्या उदाहरणात मोजलेली किंमत 3,000 कोटी आहे. समोरच्या कंपनीची पुस्तकी नक्त मालमत्ता 1,000 कोटी समजा. उरलेल्या 2,000 कोटींपैकी 600 कोटी ग्राहक-करार आणि ब्रँडला दिले आणि आयुष्य दहा वर्षं धरलं, तर वर्षाला 60 कोटी कापले जातील. 25 टक्के कराचा परिणाम धरला की नफ्यावर भार 45 कोटी. मग एकत्र नफा 705 कोटी, ईपीएस 9.79 रुपये. मघाची 4.2 टक्के वाढ जाऊन 2.1 टक्के घट आली. समायोजनाचे बारकावे, उदाहरणार्थ स्थगित कर गुडविल कसं वाढवतो, इथे सोडलेत. ईपीएसच्या दिशेवर त्यांचा परिणाम होत नाही.

म्हणून 'ईपीएस वाढवणारा' हे शब्द वाचले की मी लगेच बघतो, कोणता ईपीएस? बरीच सादरीकरणं हा घसारा वगळलेला 'कॅश ईपीएस' किंवा 'समायोजित ईपीएस' दाखवतात. तो दाखवण्यात गैर काही नाही, हा घसारा रोखीने जात नाही हे खरंच आहे. पण तुम्ही त्याची तुलना मागच्या वर्षीच्या जाहीर ईपीएसशी केली तर दोन वेगळी मापं एकत्र होतात.

आणखी एक बारकावा. मोजलेली किंमत ताळेबंदात घोषणेच्या दिवसाच्या भावाने धरत नाहीत, ताबा मिळाला त्या दिवसाच्या भावाने धरतात. दोन्हींमध्ये वर्षभर गेलं आणि तुमच्या कंपनीचा भाव वाढला, तर शेअर तितकेच देऊनही गुडविल फुगतं. ईपीएस लगेच हलत नाही, पण पुढे मूल्यऱ्हास नोंदवावा लागण्याचा धोका वाढतो. मर्चंट बँकर, वकील वगैरेंचा व्यवहार-खर्चही त्याच काळात नफ्यातून जातो, तो पसरवता येत नाही. हा एकदाचाच असल्यामुळे मी तो वेगळा काढून ठेवतो.

मग खर्चबचत किती व्हायला हवी? जुना ईपीएस टिकवायला 72 कोटी शेअरवर 720 कोटी नफा लागेल. हातात 705 आहे. 15 कोटींची तूट करपूर्व केली, 0.75 ने भागलं, की 20 कोटी. व्यवस्थापनाने पहिल्या वर्षी 80 कोटी बचतीचा आकडा दिला असेल तर दावा सहज टिकेल. तिसऱ्या वर्षी 25 कोटी म्हणाले असतील, तर 'पहिल्या वर्षापासून' हे शब्द कुठून आले हे विचारायला हवं.

एचडीएफसीचं विलीनीकरण: जिथे साधा नियम फसतो

खऱ्या आकड्यांवर हे कसं दिसतं ते बघायला एचडीएफसी लिमिटेडचं एचडीएफसी बँकेतलं विलीनीकरण उत्तम आहे. घोषणा 4 एप्रिल 2022 ला झाली आणि ते 1 जुलै 2023 ला अंमलात आलं. संपूर्ण व्यवहार शेअरमध्ये: एचडीएफसीच्या 2 रुपये दर्शनी मूल्याच्या 25 शेअरमागे बँकेचे 1 रुपया दर्शनी मूल्याचे 42 शेअर. 42 भागिले 25, म्हणजे 1.68. दर्शनी मूल्यं वेगळी बघून काही जणांनी हा रेशो दुपटीने किंवा निमपटीने बदलून घेतला होता. तसं करायचं नसतं. शेअरच्या बदल्यात शेअर, इतकंच.

आता 2022-23 चे एकल, म्हणजे उपकंपन्या न धरलेले, आकडे घेऊ. बँकेचा नफा 44,109 कोटी, मार्च 2023 अखेर शेअर 557.97 कोटी. भागाकार 79.05 रुपये. एचडीएफसीचा नफा 16,239 कोटी. बँकेने दिलेले नवे शेअर सुमारे 311.04 कोटी. घाईत हिशेब केला तर एकत्र नफा 60,348 कोटी, शेअर 869.01 कोटी, ईपीएस 69.44 रुपये. म्हणजे 12 टक्क्यांहून जास्त घट. कोणीही घाबरेल.

पण एचडीएफसीकडे, तिच्या गुंतवणूक कंपन्यांसह, बँकेचेच सुमारे 116.46 कोटी शेअर होते. विलीनीकरणानंतर कंपनी स्वतःचे शेअर स्वतःकडे धरून ठेवू शकत नाही, म्हणून ते रद्द झाले. खरी भर 311.04 वजा 116.46, म्हणजे 194.58 कोटींचीच. एकूण शेअर 752.55 कोटी. आता ईपीएस 80.19 रुपये, 1.4 टक्के वाढ. एकाच व्यवहारात परस्पर भागधारणा विसरल्याने उत्तर मोठ्या घटीकडे गेलं होतं.

पीईचा साधा नियम इथे का फसतो तेही यातून कळतं. एचडीएफसीच्या बाजारमूल्याचा मोठा भाग बँकेतल्या हिश्श्याचाच होता. पण तिच्या एकल नफ्यात त्या हिश्श्याचा फक्त लाभांश दिसायचा, बँकेच्या नफ्यातला वाटा नाही. त्यामुळे एचडीएफसीचा एकल पीई होता त्याहून महाग वाटायचा. अशा कंपनीत आधी हिस्सा बाजूला काढायचा, मग उरलेल्या धंद्याची किंमत आणि त्याचाच नफा यांचा पीई काढायचा.

आणि हिस्सा बाजूला काढायचा तर लाभांशही काढला पाहिजे. इथे दुसरी चूक होते. बँकेने 2022-23 मध्ये आधीच्या वर्षासाठी प्रति शेअर 15.50 रुपये लाभांश दिला होता. 116.46 कोटी शेअरवर हे सुमारे 1,805 कोटी होतात. ही रक्कम एचडीएफसीच्या नफ्यात प्रत्यक्ष किंवा उपकंपन्यांमार्फत आलेली. विलीनीकरणानंतर हे पैसे कंपनीच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, ते उत्पन्न नाही. पूर्ण रक्कम वजा केली तर एकत्र नफा 58,543 कोटी, ईपीएस 77.79 रुपये, म्हणजे 1.6 टक्के घट. उपकंपन्यांमार्फत आलेला भाग त्याच वर्षी पूर्णपणे वर आला नसेल तर घट थोडी कमी. शेअर रद्द धरले पण लाभांश काढायला विसरलं, तर घटीची जागा वाढ घेते. दोन्ही एकत्रच करायच्या गोष्टी आहेत.

प्रत्यक्षात काय झालं? एप्रिल ते जून 2023 च्या तिमाहीत बँकेचा एकल नफा 11,952 कोटी आणि ईपीएस 21.4 रुपये होता. विलीनीकरणानंतरच्या पहिल्या तिमाहीत, जुलै ते सप्टेंबर, नफा 15,976 कोटी झाला. म्हणजे एक तृतीयांश वाढ. ईपीएस 21.1 रुपये. शेअरही जवळपास तितकेच वाढल्यामुळे प्रति शेअर नफा किंचित खाली आला. वरच्या ढोबळ हिशेबाशी हे जुळतं, पण त्यात योगायोगाचा भाग आहे. एका तिमाहीत बाकीही पुष्कळ घडतं. शिवाय एचडीएफसी इंड-एएसप्रमाणे हिशेब ठेवायची आणि बँक जुन्या लेखामानकांप्रमाणे, त्यामुळे दोघांचे नफे थेट मिळवणं हे अंदाजापुरतंच ठीक. विमा आणि म्युच्युअल फंड कंपन्यांमधला वाटा पकडायचा असेल तर एकत्रित आकडेच घ्यावेत.

याच व्यवहारात नफा कमी करणारी आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याच स्वॅप रेशोत दिसत नाही. एचडीएफसी गृहवित्त कंपनी होती. तिने उभारलेल्या पैशावर बँकेसारखा सीआरआर, म्हणजे रिझर्व्ह बँकेत ठेवायचा रोख हिस्सा, राखावा लागत नव्हता. विलीन झाल्यावर लागला. रिझर्व्ह बँकेने सीआरआर आणि मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा हिस्सा म्हणजे एसएलआर यांबाबत पहिल्या दिवसापासून पूर्ण पालन करायला सांगितलं होतं. फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जासाठी टप्प्याटप्प्याची सवलत दिली. सीआरआर तेव्हा 4.5 टक्के होता आणि त्यावर व्याज मिळत नाही. सीआरआर लागू होणाऱ्या एक लाख कोटींच्या देण्यांवर 4,500 कोटी रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी पडून राहतात. ते पैसे साडेसात टक्क्यांनी उभे केले असतील तर वर्षाला सुमारे 337 कोटी करपूर्व भार, करानंतर सुमारे 253 कोटी. बँकेच्या एकूण मालमत्तेवरचं निव्वळ व्याज मार्जिन त्या दोन तिमाहींत 4.1 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आलं. त्याला फक्त सीआरआर कारण नव्हता. महाग कर्ज उभारून दिलेल्या गृहकर्जांचा मोठा गठ्ठा ताळेबंदात आला होता आणि जादा रोख बाळगली होती. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांवर तात्पुरता वाढीव सीआरआरही लावला होता. पण धंद्याचं नियमन बदललं की नफा बदलतो, आणि 'दोन्ही कंपन्यांचे नफे बेरीज करा' या पहिल्या पायरीतच चूक शिरते, हे इथे स्पष्ट दिसतं.

वाढला तर खूश व्हावं का?

तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर: नुसत्या वाढीवरून नाही.

पुन्हा मघाच्या उदाहरणाकडे जाऊ, घसारा बाजूला ठेवून. समजा विलीनीकरणाने धंद्यात काहीच बदललं नाही, एक रुपयाची बचत झाली नाही. तरीही ईपीएस 10 वरून 10.42 झाला. तो पीईतल्या फरकाने झाला. पण बाजाराने घेणाऱ्याला 25 पीई दिला होता तो वेगवान वाढीच्या अपेक्षेने, आणि समोरच्याला 16 दिला होता तो संथ वाढीच्या अपेक्षेने. एकत्र कंपनीची वाढ दोन्हींच्या मधली असणार. तिचं न्याय्य मूल्य म्हणजे दोघांच्या बाजारमूल्यांची बेरीज: 15,000 आणि 2,400, मिळून 17,400 कोटी. 750 कोटी नफ्यावर हा पीई 23.2 झाला. 72 कोटी शेअरवर भाव 241.67 रुपये.

ईपीएस 4.2 टक्के वाढला आणि तुमच्या शेअरचं मूल्य 8.33 रुपयांनी घटलं. 60 कोटी जुन्या शेअरवर हे 500 कोटी होतात, आणि नेमके तेवढेच 500 कोटी समोरच्या भागधारकांना जास्त मिळाले. कागदावर प्रीमियम 600 कोटींचा होता; त्यांनाही स्वस्त झालेले शेअर मिळाल्यामुळे हातात 500 च आले. तुमचा भाव 250 ला टिकायचा तर खर्चबचतीचं आजचं मूल्य किमान 600 कोटी हवं. ईपीएस टिकवायला, घसारा न धरता, बचत शून्य असली तरी चालत होती. मूल्य टिकवायला 600 कोटी लागतात. या दोन कसोट्या वेगळ्या आहेत. दुसरी जास्त कठीण आहे आणि तिच्याबद्दल पत्रकात सहसा काही नसतं.

1960 च्या दशकात अमेरिकेत अनेक बहुउद्योगी समूह याच जोरावर वाढले: जास्त पीईचा आपला शेअर द्यायचा, कमी पीईची कंपनी घ्यायची, ईपीएस वाढला की बाजार पुन्हा जुनाच जास्त पीई लावायचा. नव्या खरेदी थांबल्या आणि पीई खाली आला, तेव्हा मूळ धंद्यांची वाढ किती होती ते उघड झालं.

उलटही तितकंच खरं. पहिल्या वर्षी ईपीएस घटवणारा व्यवहार चांगला असू शकतो. समोरची कंपनी वेगाने वाढणारी असेल, तर तिचा पीई जास्त असणारच आणि पहिलं वर्ष घटीचंच जाईल. तिचा नफा तुमच्यापेक्षा किती वेगाने वाढतो यावर बरोबरीचं वर्ष ठरतं. म्हणून मी पहिल्या वर्षाचा एकच आकडा न बघता तीन ते पाच वर्षांची ओळ मांडतो आणि त्यातून बरोबरीचं वर्ष शोधतो.

घरी बसून तपासताना

बहुतेक कागद फुकट मिळतात. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या घोषणांमध्ये व्यवस्था योजनेचा मसुदा, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, मर्चंट बँकरचं वाजवीपणाबद्दलचं मत आणि विलीनीकरणाआधीचा व नंतरचा भागधारणेचा तक्ता असतो. सुरुवात शेवटच्या तक्त्यापासून करा. नंतरची एकूण शेअरसंख्या तिथे थेट मिळते, आणि रद्द होणारे शेअर धरले आहेत की नाहीत ते आपोआप कळतं. तुमच्या गुणाकाराने आलेला आकडा त्याच्याशी जुळला नाही तर परस्पर भागधारणा, समोरच्या कंपनीचे कर्मचारी पर्याय किंवा वॉरंट यांपैकी काहीतरी सुटलं आहे. पुढे लेखा-पद्धतीबद्दलचा परिच्छेद वाचा. एकाच प्रवर्तकाच्या दोन कंपन्या असतील तर पुस्तकी मूल्यांनीच बेरीज होते आणि वरचा नवा घसारा येत नाही.

एक्सेलमध्ये ईपीएसचं एक सूत्र पुरतं. B1 मध्ये घेणाऱ्याचा नफा, B2 मध्ये समोरच्याचा, B3 मध्ये आपसातला लाभांश, B4 मध्ये करपूर्व बचत, B5 मध्ये नवा वार्षिक घसारा, B6 मध्ये कराचा दर. B7 मध्ये जुने शेअर, B8 मध्ये नवे, B9 मध्ये रद्द होणारे:

```
=(B1+B2-B3+(B4-B5)*(1-B6))/(B7+B8-B9)
```

हे उत्तर `=B1/B7` शी ताडून बघा. मग B4 शून्य करा. बचत शून्य असताना दावा टिकतो का, आणि नसेल तर किती बचतीवर टिकतो, हे दोन आकडे मिळाले की व्यवस्थापनाच्या सादरीकरणातला तक्ता वाचायला तुम्ही तयार आहात. नफ्याची वर्षं एकच घ्या: एका कंपनीचा मागचा आणि दुसरीचा पुढच्या वर्षाचा अंदाज असं मिसळू नका.

विलीनीकरण पूर्ण झाल्यावर पहिल्या वर्षाचा जाहीर ईपीएस मात्र जपून वाचा. नवे शेअर जितके महिने अस्तित्वात होते तितक्याच प्रमाणात भारित सरासरीत येतात. एचडीएफसी बँकेचा 2023-24 चा एकल नफा 60,812 कोटी आणि जाहीर ईपीएस 85.83 रुपये होता. त्यातून भागाकाराची शेअरसंख्या सुमारे 708 कोटी निघते, प्रत्यक्षात वर्षअखेर सुमारे 760 कोटी शेअर होते. वर्षअखेरच्या संख्येने भागलं तर 80 रुपये येतात. पण तेही बरोबर नाही, कारण एचडीएफसीचा नफाही त्या वर्षात नऊच महिने आलेला. शिवाय मार्च 2024 मध्ये क्रेडिला या शैक्षणिक कर्ज देणाऱ्या कंपनीमधला हिस्सा विकल्याचा एकदाचा मोठा लाभ आणि त्याच्यासमोर केलेल्या मोठ्या तरतुदी त्याच वर्षात आहेत. पहिलं स्वच्छ वर्ष 2024-25: नफा 67,347 कोटी, ईपीएस 88.3 रुपये. 2022-23 च्या जाहीर 79.3 रुपयांशी तुलना करायची तर या वर्षाची करावी. दोन वर्षांत 11 टक्के वाढ, आणि तीही विलीनीकरण नसतं तर बँक एकटी किती वाढली असती याच्याशी ताडून बघायला हवी. तो आकडा कुठल्याही अहवालात छापलेला नसतो, तो तुम्हालाच गृहीत धरावा लागतो. मी बँकेच्या आधीच्या काही वर्षांच्या वाढीचा दर घेतो आणि तो दोन टक्क्यांनी वर-खाली करून बघतो.

हे आकडे आज एखाद्या संकेतस्थळावर शोधलेत तर ते निम्मे दिसतील. ऑगस्ट 2025 मध्ये बँकेने एकास एक बोनस दिला आणि त्यानंतर जुन्या वर्षांचे ईपीएसही त्यानुसार बदलून दाखवले जातात. तुमच्या कंपनीत घोषणा आणि अंमलबजावणी यांच्या मध्ये बोनस किंवा शेअर विभाजन झालं, तर स्वॅप रेशोही योजनेतल्या कलमाप्रमाणे बदलतो. ते कलम सापडेपर्यंत कुठलाही जुना ईपीएस नव्याशी ताडू नका.